उंचीतील अंतर आणि जोडप्याचे छायाचित्र : जुन्नर-आंबेगावच्या बांधांवर आणि उतारांवर

लग्न ठरलेल्या किंवा नुकतेच लग्न झालेल्या जोडप्याचे छायाचित्र काढताना दोघांच्या उंचीत एक फुटापेक्षा अधिक अंतर असेल, तर छायाचित्रकारापुढे दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात आणि बहुतेक वेळा त्यांची गल्लत होते. पहिला प्रश्न मांडणीचा असतो, म्हणजे दोन चेहरे चौकटीत इतके दूर पडतात की पाहणाऱ्याची नजर एकावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. दुसरा प्रश्न शरीराच्या प्रमाणाचा असतो, म्हणजे हे अंतर झाकण्याच्या खटपटीत कुणाचे डोके मोठे, कुणाचे पाय आखूड, तर कुणाची मान ताणलेली दिसू लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरा निर्माण होऊ नये, एवढीच या कामातील खरी कसोटी आहे. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यासारखा प्रदेश फार सोयीचा आहे, कारण तिथली जमीनच सपाट नाही. भातखाचरांचे बांध, डिंभे धरणाच्या जलाशयाचे उतरते काठ, जुन्या घरांची जोती आणि ओटे यांच्यामुळे उंचीची तडजोड शरीराला करावी लागत नाही, ती जमीन करते.

विवेचनासाठी एक ठरावीक जोडी गृहीत धरणे उपयुक्त ठरेल. वराची उंची ६ फूट १ इंच, म्हणजे सुमारे १८५ सेंटिमीटर, आणि वधूची ५ फूट, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर आहे असे मानू. दोघांतील अंतर ३३ सेंटिमीटर होते, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतचे डोके साधारण २२ सेंटिमीटरचे धरले, तर वर वधूपेक्षा दीड डोके उंच ठरतो. शेजारी सरळ उभे राहिल्यास वधूच्या टाळूची रेषा वराच्या खांद्याजवळ येते. दोघांनी एकमेकांकडे पाहावे असे ठरवले आणि चेहऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटरचे अंतर ठेवले, तर वराला नजर जवळजवळ ४० अंशांनी खाली न्यावी लागते. त्यामुळे कॅमेऱ्यातून त्याच्या पापण्या मिटल्यासारख्या दिसतात, आणि वधूला मान मागे टाकावी लागल्यामुळे तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात.

यावरून उद्दिष्ट काय असावे हेही ठरते. दोघांना सारख्या उंचीचे दाखवणे हे उद्दिष्ट नाही. तसे दाखवलेले छायाचित्र त्या दोघांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला खोटे वाटते, आणि ते खोटेच असते. वधूचे डोळे वराच्या हनुवटीच्या किंवा ओठांच्या रेषेत आले, की दोन डोळ्यांच्या पातळ्यांमध्ये सुमारे १२ सेंटिमीटर उरतात, नजरेचा कोन १७ अंशांच्या आसपास येतो आणि मान न ताणता दोघे एकमेकांकडे पाहू शकतात. याचा अर्थ ३३ सेंटिमीटरपैकी साधारण २० सेंटिमीटर भरून काढायचे आणि उरलेले अभिमानाने राहू द्यायचे. मोजताना टाळूवरून न मोजता डोळ्यांच्या पातळीवरून मोजणे अधिक चांगले, कारण वराने तुऱ्याचा फेटा बांधला असेल तर टाळूवर काही इंचांची भर पडते आणि अंदाज चुकतो. ज्या छायाचित्रात अंतर फार जाणवते, त्यात फेटा डोक्यावरून काढून हातात धरायला सांगणे हा एक साधा उपाय आहे, आणि हातांना काम मिळाल्यामुळे तो सहजही दिसतो.

शरीराचे प्रमाण कशामुळे बिघडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील पायऱ्यांचे कारण कळणार नाही. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, या नियमाला चित्रकलेत यथादर्शन म्हणतात, आणि छायाचित्रातील यथादर्शन केवळ कॅमेरा आणि व्यक्ती यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. फोकल लेंग्थ, म्हणजे भिंग दृश्याचा किती भाग चौकटीत घेते हे ठरवणारे माप, ते स्वतः प्रमाण बदलत नाही. मात्र रुंद दृश्य घेणारे भिंग वापरले की चौकट भरण्यासाठी छायाचित्रकार नकळत जवळ जातो, आणि बिघाड त्या जवळिकीतून येतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरचा असतो. उभा मोबाइल धरून उंच माणूस पायांपासून डोक्यापर्यंत मावावा, यासाठी या कॅमेऱ्याने सुमारे १.६ मीटरवर उभे राहणे पुरते. आता छायाचित्रकाराने मोबाइल स्वतःच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून १६५ सेंटिमीटरवर धरून किंचित खाली झुकवला, तर वधूचे डोके कॅमेऱ्यापासून १.६ मीटरवर आणि तिचे पाय २.३ मीटरवर येतात. पाय डोक्याच्या जवळजवळ दीडपट दूर गेल्यामुळे ते आखूड दिसतात आणि आधीच ठेंगणी असलेली व्यक्ती अधिकच ठेंगणी भासते. तोच कॅमेरा मागे ५ मीटरवर नेला, तर डोके ५ मीटरवर आणि पाय ५.२६ मीटरवर येतात. हा फरक डोळ्याला कळत नाही.

म्हणून पहिला नियम असा की पूर्णाकृती छायाचित्रात कॅमेरा किमान ५ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट दूर असावा, आणि चौकट भरण्यासाठी पुढे न जाता मोबाइलवरील २ पट किंवा ३ पटीचे भिंग, किंवा कॅमेऱ्यावर ७५ ते ८५ मिलिमीटरच्या तोडीचे भिंग वापरावे. मोबाइलला अशी वेगळी भिंगे नसतील, तरी मागेच राहावे आणि नंतर कडा कापाव्यात. थोडी स्पष्टता कमी होईल, पण प्रमाण शाबूत राहील. रुंद भिंगाचा आणखी एक दोष असा की चौकटीच्या कडेला आलेली वस्तू बाहेरच्या दिशेने ताणली जाते. दोघांपैकी एक जण कडेला उभा असेल तर त्याचा खांदा आणि दंड फुगतात, आणि उभ्या चौकटीत वरच्या कडेला गेलेले उंच माणसाचे डोके लांबुळके होते.

दुसरा नियम कॅमेऱ्याच्या उंचीचा आहे. बहुतेक जण कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहतात. वर सांगितलेल्या जोडीसाठी तो जमिनीपासून सुमारे १ मीटरवर, म्हणजे वधूच्या कमरेच्या थोडा वर असावा, आणि वर किंवा खाली न झुकवता अगदी सरळ धरावा. एक गुडघा टेकून बसले की ही उंची आपोआप मिळते. कॅमेरा झुकवला की उभ्या रेषा वर किंवा खाली एकमेकींकडे झुकतात, आणि त्या रेषांमध्ये माणसांची शरीरेही येतात. पार्श्वभूमीत घराचा खांब किंवा सागाचे सरळ खोड असेल, तर ते चौकटीच्या कडेला समांतर आहे की नाही एवढे पाहिले तरी कॅमेरा सरळ आहे की नाही हे समजते.

आता २० सेंटिमीटर भरून काढण्याचा मुख्य प्रश्न. आंबेगावच्या पश्चिमेकडील किंवा जुन्नरच्या मावळ भागातील भातखाचरात, भाताची कापणी झाल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतरच्या दिवसांत, खाचर कोरडे असते आणि बांध त्यापेक्षा वीतभर किंवा त्याहून उंच असतो. अशा ठिकाणी २० सेंटिमीटर उंचीचा बांध निवडून वधूला बांधावर आणि वराला तिच्या शेजारी खाचरात उभे करावे. इथे छायाचित्रकाराने स्वतः कुठे उभे राहावे हे सर्वांत महत्त्वाचे ठरते, आणि नेमकी इथेच चूक होते. त्याने बांधाला आडवे न उभे राहता बांधाच्या रेषेत उभे राहावे, म्हणजे बांध त्याच्या समोरून दूर पळत जाताना दिसेल. मग वधू आणि वर दोघेही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर राहतात, बांधाची उंची पूर्णपणे उपयोगी पडते आणि दोघांच्या डोक्यांचा आकार बदलत नाही. वधूची टाळू खाचराच्या पातळीपासून १७२ सेंटिमीटरवर आणि वराची १८५ सेंटिमीटरवर येते, अंतर १३ सेंटिमीटरवर येते आणि वधूचे डोळे वराच्या हनुवटीला भिडतात. खाचरात उरलेले भाताचे धसकट वराची पावले थोडी झाकते आणि नऊवारीचा काठ वधूच्या पायांवर येतो, त्यामुळे पायांखालच्या जमिनीत फरक आहे याकडे पाहणाऱ्याचे लक्षही जात नाही. बांध मातीचा असतो आणि पुढच्या हंगामात त्यालाच पाणी अडवायचे असते, त्यामुळे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्यावर चढू नये आणि ओल असेल तर मुळीच चढू नये.

हेच तत्त्व पायऱ्यांवर वापरताना हिशेब थोडा बदलतो. पायरी चढणारा माणूस वरही जातो आणि मागेही जातो. छायाचित्रकार पायऱ्यांच्या तळाशी समोर उभा असेल, वर खालच्या पायरीवर ५ मीटरवर असेल आणि वधू त्याच्यामागे एका पायरीवर, म्हणजे २० सेंटिमीटर वर आणि ३० सेंटिमीटर मागे उभी असेल, तर मागे गेल्यामुळे ती सुमारे ६ टक्के लहान दिसते आणि मिळालेल्या २० सेंटिमीटरपैकी ४ सेंटिमीटर परत जातात. नुकसान मोठे नाही; पण लहान चणीच्या वधूचे डोके आणखी लहान होते, आणि हे अधिक खटकते. जुन्नर शहरातील किंवा नारायणगाव, घोडेगावसारख्या गावांतील जुन्या घरांच्या दगडी पायऱ्यांवर म्हणूनच समोरून न काढता बाजूने काढावे, जेणेकरून पायऱ्या चौकटीत डावीकडून उजवीकडे चढत जातील. जुन्या दगडी पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, त्यामुळे जोडप्याला उभे करण्याआधी वितीने मोजून योग्य पायरी हेरून ठेवावी. उंबरा आणि जोते यांचाही असाच उपयोग होतो.

डिंभे धरणाच्या जलाशयाच्या काठी पायरी नसते, पण उतार असतो. हिवाळा संपून पाणी ओसरू लागले की काठाचा मोकळा उतार उघडा पडतो, आणि चार हातांमागे एक हात चढणाऱ्या उतारावर दोघांच्या पावलांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर १५ सेंटिमीटर मिळतात. उतार चौकटीत आडवा यावा, वधू चढाच्या बाजूला आणि वर उताराच्या बाजूला असावा. उरलेले पाचएक सेंटिमीटर वराने पाय थोडे फाकवून आणि वधूने थोडी टाच असलेली चप्पल घालून मिळवता येतात. पाय फाकवण्याचा लाभ लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो: पावलांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवले तरी उंची जेमतेम एक इंच उतरते, आणि त्याहून अधिक फाकवले की उभे राहणे कुस्तीच्या पवित्र्यासारखे दिसते. पाण्याच्या काठी एक धोकाही असतो, तो म्हणजे मागील जलरेषा. उतारावर उभे असताना छायाचित्रकाराचे शरीर नकळत उताराकडे कलते आणि कॅमेराही कलतो. जमिनीचा उतार कलला तर कुणाला कळत नाही, पण पाण्याची रेषा तिरपी झाली की दोन्ही माणसे पडतील असे वाटते. त्यामुळे चौकट जलरेषेवरूनच सरळ करावी. पाण्यालगतचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो, म्हणून जोडप्याला कडेपासून दूरच ठेवावे.

जिथे बांध, पायरी किंवा उतार नाही, तिथे उंच व्यक्तीला मागे उभे करण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्याची किंमत ओळखावी. ५ मीटरवर वधू आणि तिच्या मागे एक फुटावर वर, कॅमेरा १ मीटर उंचीवर, अशी मांडणी केली तर वराची टाळू सुमारे ५ सेंटिमीटर खाली आल्यासारखी दिसते. कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हाच लाभ २ सेंटिमीटरवर येतो, कारण कॅमेऱ्याच्या पातळीच्या जवळ असलेला भाग मागे गेल्याने फारसा सरकत नाही. कमी उंचीचा कॅमेरा उपयोगी पडण्याचे हे आणखी एक कारण. हीच मांडणी १.६ मीटरवरून रुंद भिंगाने केली तर १३ सेंटिमीटर मिळतात आणि मोह होतो, पण तेव्हा वराचे डोके सुमारे १६ टक्के लहान झालेले असते. उंच, रुंद खांद्यांच्या माणसाच्या धडावर लहान डोके आणि त्याच्या पुढे वधूचा मोठा चेहरा, ही विकृती पाहणाऱ्याला नाव देता आली नाही तरी जाणवते. एक जण मागे असताना भिंगाचे छिद्र फार मोठे उघडू नये, हेही लक्षात ठेवावे. ८५ मिलिमीटर भिंगावर एफ १.८ ठेवले, तर ५ मीटरवर स्पष्ट राहणारी खोली सुमारे ३७ सेंटिमीटरच असते आणि एका चेहऱ्याचे डोळे मऊ पडतात. एफ ४ वर ती ८० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि दोघेही स्पष्ट येतात.

बसलेल्या मांडणीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, कारण माणसांच्या उंचीतील फरकाचा मोठा भाग पायांत असतो. गृहीत धरलेल्या जोडीत बसल्यावर हे अंतर साधारण निम्म्यावर येते. ओट्यावर दोघे शेजारी बसले की काम जवळजवळ पूर्ण होते; फक्त गुडघे थेट कॅमेऱ्याकडे न ठेवता थोडे तिरके ठेवावेत, कारण पुढे आलेले गुडघे मोठे दिसतात आणि मांड्या आखूड दिसतात. महाराष्ट्रातील जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत पती खुर्चीत आणि पत्नी शेजारी उभी अशी जी मांडणी वारंवार दिसते, तिच्यामागे मानमरातबाची कल्पना होती. तरीही उंचीच्या दृष्टीने ती चांगले काम करते. ४५ सेंटिमीटरच्या आसनावर बसलेल्या या वराची टाळू १४१ सेंटिमीटरच्या आसपास आणि उभ्या वधूची १५२ सेंटिमीटरवर येते. आजच्या जोडप्याला ही मांडणी द्यायची असेल तर खुर्चीऐवजी ओट्याची कड वापरावी आणि वधूचा हात त्याच्या खांद्यावर असावा. मग त्यातील जुना अधिकारभाव गळून पडतो.

अर्धाकृती छायाचित्रात, म्हणजे कमरेपासून वर काढलेल्या छायाचित्रात, पावले दिसत नसल्यामुळे वधूच्या पायांखाली पाट किंवा भक्कम लाकडी खोके ठेवता येते. १९८१ साली ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहानिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावरील छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे: दोघांची प्रत्यक्ष उंची जवळपास सारखी असताना त्या चौकटीत चार्ल्स यांचे डोके डायना यांच्या डोक्याच्या बरेच वर आहे. तिथे उंचीत फरक निर्माण केला गेला, इथे तो कमी करायचा आहे. पण चौकटीबाहेरच्या जमिनीबद्दल पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. पाट वापरताना त्याची कड पक्क्या जमिनीवर टेकलेली असावी आणि वधूने नऊवारीच्या निऱ्या सावरून मगच त्यावर चढावे.

शरीराकडून मदत घ्यायची असेल तर ती मानेकडून न घेता कमरेकडून घ्यावी. उंच माणसाला खाली यायला सांगितले की तो पाठ वाकवतो, खांदे पुढे आणतो आणि हनुवटी छातीकडे नेतो. पोक आणि दुहेरी हनुवटी एकाच वेळी दिसू लागतात. त्याऐवजी वजन मागच्या पायावर टाकून, पाठ सरळ ठेवून, कमरेतून किंचित वधूकडे कलायला सांगावे. झब्ब्याच्या कापडावर पोटापाशी आडव्या चुण्या पडल्या असतील, तर तो कमरेऐवजी पाठीतून वाकला आहे हे ओळखता येते. वधूने टाचा उचलल्या असतील तर तिच्या हातांच्या मुठी आवळलेल्या दिसतात. अशा वेळी तिला खाली उतरवून तिच्या पायांखाली काहीतरी द्यावे.

दोन गोष्टी जागा निवडतानाच पाहाव्या लागतात. सकाळी किंवा सायंकाळी ऊन कलते असते तेव्हा उंच व्यक्ती सूर्य आणि ठेंगण्या व्यक्तीच्या मधे आली, तर तिची सावली दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडते आणि साधलेली सर्व जुळणी वाया जाते. म्हणून वर नेहमी उन्हाच्या विरुद्ध बाजूला असावा. दुसरी गोष्ट पार्श्वभूमीतील आडव्या रेषांची. जुन्नर आणि नारायणगाव परिसरातील द्राक्षबागा सुंदर दिसतात, पण मांडवाच्या तारा डोक्याच्या उंचीवर आडव्या जातात आणि मागे मोजपट्टी लावल्यासारखे होते. विटांचे थर आणि खिडकीच्या चौकटीचेही तसेच. अशा जागी मोकळी डोंगरउतरण, झाडी किंवा नाणेघाटाच्या माथ्यावरील धुके अधिक उपयोगी ठरते. नाणेघाट आणि शिवनेरी ही संरक्षित स्मारके आहेत. तिथे व्यावसायिक छायाचित्रणासाठी आधी परवानगी विचारून घ्यावी, आणि शिवनेरीवरील जन्मस्थानाच्या वास्तूसमोर जोडप्याच्या छायाचित्रांची मांडणी करू नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. नाणेघाटाच्या कड्याजवळ कुणालाही ‘एक पाऊल मागे’ असे सांगू नये. उंचीची जुळणी कड्यापासून दूरच्या सपाटीवर बसून करावी.

छायाचित्र काढल्यावर तिथेच पडद्यावर ते मोठे करून दोघांची डोकी हनुवटीपासून टाळूपर्यंत बोटाने मोजून पाहावीत. उंच माणसाचे डोके साधारणपणे किंचित मोठे असते. त्याचे डोके वधूच्या डोक्यापेक्षा स्पष्टपणे लहान दिसत असेल तर कॅमेरा फार जवळ होता किंवा तो फार मागे उभा होता, आणि तिथल्या तिथे पुन्हा काढणे हाच उपाय आहे. नंतर संगणकावर एका व्यक्तीला उभे दाबून किंवा दुसरीला ताणून हे सुधारण्याचा प्रयत्न करू नये. तसे केले की बोटे, कान आणि मनगटे आपले प्रमाण सोडतात, अंगठी लंबगोल होते आणि मागील खांब किंवा बांधाची रेषा त्या व्यक्तीच्या बाजूला वाकलेली सापडते. कॅमेरा थोडा झुकल्यामुळे उभ्या रेषा तिरप्या झाल्या असतील तर त्या सरळ करणे मात्र योग्य, कारण त्या दुरुस्तीत दोघेही एकाच नियमाने बदलतात. आणि त्यासाठी काढतानाच चौकटीच्या चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी, म्हणजे सरळ केल्यावर कापल्या जाणाऱ्या कडांमध्ये फेट्याचा तुरा किंवा वधूची पावले जाणार नाहीत.